बरोबरबाईंची खूण

त्यांना सगळे बरोबरबाई म्हणत. तोंडावर बाई आणि पाठ फिरली की बरोबरबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं त्या कबूल करायच्या नाहीत.

नाव पडलं ते जुन्या वहीमुळे. सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका बाईंच्या ताब्यात आली तेव्हा कॉम्प्युटर बिम्प्युटर काही नव्हतं. एक लांबुडकी वही, रेघा बाईंनी स्वतः पट्टीने आखलेल्या. माणूस दारातून आत आला की बाई मान वर करून चेहरा बघायच्या आणि त्याच्या नावापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायच्या. नाव विचारायची गरज नाही, सही नको, काही नको. सव्वीस वर्षांत हजारो खुणा केल्या असतील. एकही चुकली नाही असं त्या सांगायच्या, आणि खरं सांगायचं तर ते फारसं खोटं नव्हतं.

मग गर्दी वाढली. चोवीस खुर्च्या आणि दारात शंभर माणसं. सकाळी आठला येऊन खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि दुपारी दोनला उगवायचं, असले महाभाग निघाले. एकदा तर एकाने तीन खुर्च्यांवर तीन पुस्तकं ठेवली, एक स्वतःसाठी आणि दोन येणाऱ्या मित्रांसाठी, आणि मित्र काही आलेच नाहीत. तेव्हा नवीन आलेल्या ग्रंथपाल मॅडमनी बुकिंगची पद्धत आणली. दीड तासाचा एक स्लॉट. आधी खुर्ची बुक करायची. स्लॉट सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत, दाराजवळच्या खांबावर जे छोटं मशीन बसवलंय त्यात आपला चार आकडी कोड टाकून स्वतः हजेरी लावायची. नाही लावली की खुर्ची आपोआप सुटते, दुसरा कुणीही घेतो, आणि तुमच्या नावावर एक लाल फुली. तीस दिवसांत तीन फुल्या झाल्या की चौदा दिवस बुकिंग बंद आणि पुढची केलेली बुकिंगंही रद्द.

बाईंना हा नियम इतका पटला की विचारू नका. पिशव्या ठेवणाऱ्यांची खोड मोडली म्हणून त्या आठवडाभर खुशीत होत्या. नियम सांगताना त्यांचा आवाज चढायचा. गेल्याच महिन्यात एक नर्स आली होती, वॉर्डातली ड्यूटी दुसरीच्या हाती सोपवता सोपवता उशीर झालेली. सतरा मिनिटं झाली होती. सिस्टर धापा टाकत म्हणाली, बाई, दोनच मिनिटं. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, तिसरी फुली पडली, आता चौदा दिवस. सिस्टर आली तशी जिना उतरून गेली, आणि त्या दिवशी बाईंना जेवण गोड लागलं. आपण चोख आहोत या समाधानाने माणूस किती बहिरा होतो, नाही?

आणि याच बाईंची एक सवय सुटली नव्हती. वही गेली पण खूण राहिली. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक खुर्चीपुढे नाव दिसायचं, आणि नावावर क्लिक केलं की हजेरी लागायची. मशीन बंद पडलं किंवा कुणाला हात-डोळ्यांची अडचण असली तर, तेही कारण लिहून, एवढ्यासाठीच ती सोय होती. पण कुणी बुजरं माणूस दारात दिसलं, वयाने मोठं, पोराटोरांच्या गर्दीत चपला कुठे काढाव्यात अशा विचाराने घुटमळणारं, की बाईंचं बोट आपोआप चालायचं. चेहरा बघितला, खूण केली. यात गैर काय आहे, माणूस आलाय ना समोर? असं त्या स्वतःलाच सांगायच्या. कारणाच्या चौकटीत एक टिंब टाकलं की कॉम्प्युटर गप्प बसायचा.

अशा माणसांतला एक म्हणजे वायरमन. कारखान्यात देखभालीच्या कामावर, दुपारी एकपासून पाळी. वय एकेचाळीस. घर दोन खोल्यांचं, चार वर्षांची जुळी मुलं, बायको शिवणकाम करणारी. एका खोलीत मशीन खडखडतंय, दुसरीत जुळ्यांची लढाई चाललीय, तिथे कसला अभ्यास होतोय! सुपरवायझरच्या परवान्याची परीक्षा दोनदा हुकली होती. कारखान्याने एक जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती, पण या परीक्षेपर्यंतच. आठ महिने तो रोज साडेदहाच्या स्लॉटला यायचा. दहा मिनिटं आधीच. दारातून बाईंना नमस्कार, मग सात नंबरची खुर्ची, दाराकडे पाठ करून, आणि दीड तास मान वर नाही. जाताना टेबलाशी येऊन हळूच म्हणायचा, "उद्या साडेदहा." बाई बुक करायच्या. दुसऱ्या दिवशी तो आला की खूण करायच्या. सगळं कसं बिनबोभाट.

बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून बाईंनी सोमवार ते बुधवार रजा टाकली. जाण्याआधी त्याचे तिन्ही दिवस बुक करून ठेवले. परीक्षा तोंडावर आलेली, बिचाऱ्याची खुर्ची जायला नको. तीन दिवस टेबलावर नियतकालिक विभागातले काका बसणार होते. काका नाकासमोर चालणारे. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

गुरुवारी सकाळी बाई परत आल्या. पर्स ठेवली, कॉम्प्युटर चालू केला, आणि साडेदहाच्या यादीत सात नंबरपुढे भलतंच नाव दिसलं. त्यांना आधी वाटलं, काकांनी घोळ घातला. वायरमनचं खातं उघडलं. सोमवार फुली, मंगळवार फुली, बुधवार फुली. बुकिंग चौदा दिवस बंद. परीक्षेला अकरा दिवस उरले होते.

तेवढ्यात तो आलाच. दहा वीस. नमस्कार.

बाईंचं डोकं तापलं. यांच्यासाठी आपण रजेआधी धावपळ करून खुर्ची धरून ठेवायची आणि हे तीन तीन दिवस गायब! त्यांनी आवाज फार चढवला नाही, पण शब्दांना धार होती. तीन दिवस कुठे होता, परीक्षा तुमची आहे की माझी, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. वायरमन ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, मी आलो होतो.

हे वाक्य बाईंनी दोन वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते कानाबाहेरच राहायचं. पण हा माणूस खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. त्यांनी नीट विचारलं, तेव्हा त्याने अडखळत सांगितलं. सोमवारी आलो, टेबलावर दुसरे कुणी तरी पेपर चाळत बसले होते, त्यांना नमस्कार करावा की नाही कळेना, म्हणून तुमच्या खुर्चीलाच केल्यासारखा केला आणि जाऊन बसलो. मंगळवारी पावणेअकरानंतर एक मुलगी आली, म्हणाली ही खुर्ची माझी आहे. मोबाइलवर दाखवलंन. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून उठलो आणि खाली पेपरांच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. तिथे काही डोक्यात शिरेना. काल पुन्हा तेच. तुम्ही आल्यावर विचारू म्हटलं.

"अहो, पण कोड टाकला होता ना?" बाईंनी विचारलं.

"कुठला कोड?"

बाईंनी खांबावरच्या मशीनकडे बोट दाखवलं. वायरमनने वळून बघितलं आणि त्याचा चेहरा गोंधळला. तो म्हणाला, ते होय, ते एसीचं पॅनल आहे असं मी समजत होतो. पोरं येता-जाता बोटं लावतात, थंडी कमी-जास्त करत असतील म्हटलं. दुसऱ्याच्या पॅनलला हात लावायचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

दुसरी कुठली वेळ असती तर बाई पोट धरून हसल्या असत्या. आठ महिने हा माणूस त्या मशीनवरून गेला आणि त्याला ते काय आहे हे कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सांगायचं काम ज्यांचं, त्यांनी बोटाने ते उरकून टाकलं होतं. फुल्यांचे इशारे ई-मेलवर गेले होते, आणि तो ई-मेल भाच्याने फॉर्मपुरता काढून दिलेला, त्याचा पासवर्ड भाच्यालाच माहीत. त्यातूनही बाईंनी खुर्ची बुक केली नसती तर फुली पडलीच नसती. चांगुलपणाने त्यांनीच तीन फुल्यांची सोय करून ठेवली होती.

वायरमनने फक्त एवढंच विचारलं, चौदा दिवस म्हणजे परीक्षेनंतरच ना? त्याला तिथेच बाकावर बसवून बाई ग्रंथपाल मॅडमच्या खोलीकडे निघाल्या. चार महिन्यांवर निवृत्ती, आणि आजवर त्या खोलीत त्या दुसऱ्यांच्या तक्रारी घेऊनच गेल्या होत्या.

फुली माफ करायचा अधिकार मॅडमचा. त्यासाठी कारण निवडावं लागतं: आजारपण, यंत्रणेतला बिघाड किंवा कर्मचाऱ्याची चूक. बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा बिघाड हा शब्द जिभेच्या टोकावर होता. काय बिघडलं असतं? मशीन कधी कधी अडतंच. एक शब्द, आणि सगळं निस्तरलं असतं. मॅडमनी तोवर नाव विचारून वायरमनचं खातं उघडलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा बाईंकडे वळवला. आठ महिन्यांच्या हजेऱ्या, एकूण एक टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. कारणाच्या चौकटीत टिंब, टिंब, टिंब.

"बाई, या माणसाने कधी तरी स्वतः हजेरी लावलीय का?"

बाईंनी सगळं सांगितलं. वहीपासून सांगितलं. असे आणखी किती, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा त्यांनी बोटांवर मोजले आणि अकरा म्हणाल्या. आणि मोजता मोजता त्यांना सिस्टर आठवली. सिस्टरला दोन मिनिटं दिली नव्हती. का? ती बुजरी नव्हती म्हणून? तरतरीत होती, पायऱ्या धडाधड चढून आली होती, म्हणून? सव्वीस वर्षं आपण चेहरे बघून खूण करत आलो, आणि काही चेहऱ्यांना केलीच नाही, हे त्यांना त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. शरम वाटली. त्यांनी सिस्टरचंही सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, तिची फुली नियमाने पडली, ती तशीच राहील. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

कर्मचाऱ्याची चूक या कारणाखाली एका सभासदाची महिन्यात एकच फुली माफ होते. मॅडमनी बुधवारची पुसली. सोमवार आणि मंगळवारच्या दोन राहिल्या. बंदी उठली, पण अजून एक फुली पडली की पुन्हा चौदा दिवस. बाईंनी कागदावर सही केली. सोमवारपासून त्या खाली, पुस्तकं परत घेण्याच्या खिडकीवर बसतील, हेही मॅडमनी त्याच कागदावर लिहिलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा दहा छत्तीस झाले होते. स्लॉट चालू होऊन सहा मिनिटं. त्यांनी यादी बघितली. खांबामागची चौदा नंबरची खुर्ची रिकामी होती, कुणी घेतलीच नव्हती. दुपारी बाराचा स्लॉट पूर्ण भरलेला, आणि तसाही त्याला एकला कामावर पोचायचं. तीन दिवस त्या माणसाचे फुकट गेलेत, हा तरी जाऊ नये, या एकाच विचाराने बाईंनी टेबलाशी वाकून चौदा नंबर त्याच्या नावावर करून टाकला. आणि मग कपाळावर हात मारला.

पुन्हा तेच! पुन्हा त्याच्यासाठी परस्पर करून बसल्या. आता ती खुर्ची त्याची झाली होती. चालू स्लॉटमध्ये जागा घेतली तरी पंधरा मिनिटं मोजतात ती स्लॉट सुरू झाल्यापासून. म्हणजे पावणेअकरापर्यंत हजेरी लागली पाहिजे. आता रद्द केली तरी गैरहजेरीच धरणार. आणि कोड त्याला माहीत नव्हता. नवीन कोड मागवला तर तो ई-मेलवर येणार.

दहा एकोणचाळीस. वायरमनला त्यांनी भाच्याला फोन लावायला सांगितलं. तो जिन्यात गेला. भाचा फोन उचलेना. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला.

दहा एक्केचाळीस. वायरमन मशीनसमोर येऊन उभा राहिला. मागून दोन मुलं आली, बोटं लावून आत गेली, मशीन दोनदा टुंग वाजलं. तो बाजूला सरकला, त्यांना वाट दिली आणि परत उभा राहिला. त्याने बाईंकडे बघितलं. बाई टेबलामागे, कॉम्प्युटर चालू, चौदा नंबर, त्याचं नाव. एक क्लिक. उजवा हात माउसवर गेलाच होता. सव्वीस वर्षांची सवय, हाताला कुणी शिकवायचं? मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं, पण मॅडम बघत नव्हत्या. क्लिक केलं तर वायरमन आत जाऊन बसेल. आणि सोमवारी? सोमवारी या टेबलावर काका असतील, आणि हा पुन्हा खुर्चीला नमस्कार करून बसेल.

बाईंनी हात ओढून घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

दहा बेचाळीस. कोड कुठे असेल? फॉर्म बाईंनीच भरून दिला होता. आठ महिन्यांपूर्वी, याच टेबलावर. त्याने सभासदत्वाचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं होतं. कार्ड. बुजऱ्या लोकांना कोड लक्षात राहायचा नाही म्हणून बाई एका चिठ्ठीवर आकडे लिहून...

"कार्डाच्या मागे बघा!"

त्याने पाकीट काढलं. पाकिटातून कार्ड निघेना, प्लॅस्टिकला चिकटलेलं. निघालं. मागे पेन्सिलीने लिहिलेली इवलीशी चिठ्ठी होती. तो म्हणाला, हा तर कार्डाचा नंबर ना? बाई म्हणाल्या, तोच टाका. पेन्सिलीचे आकडे पुसट झाले होते. तो उजेडाकडे धरून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागला. तारा जोडणारी ती बोटं, कसल्या कसल्या बोर्डात बिनदिक्कत शिरणारी, त्या काचेवर टेकायला घाबरत होती. पहिल्यांदा चुकलं. मशीन लाल झालं. त्याने हात असा मागे घेतला जसा काही झटकाच बसला.

दहा चव्वेचाळीस. बाई उठल्या आणि टेबलाला धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. जवळ गेल्या असत्या तर त्यांनी त्याचं बोट धरून आकडे दाबले असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. "तिसरा आकडा सात असेल, एक नाही," त्या म्हणाल्या. "माझं सात तसंच येतं. सावकाश."

त्याने चारही आकडे पुन्हा दाबले. एकेक करून, प्रत्येकानंतर थांबून. मशीन हिरवं झालं. टुंग.

बाईंनी पडद्याकडे बघितलं. चौदा नंबरपुढे बरोबरची खूण उमटली होती, आणि त्यांचा हात अजून टेबलाच्या कडेवर होता. वायरमनने मागे वळून मशीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. नमस्कार केला आणि खांबामागे जाऊन बसला. बाईंनी मान हलवली. डोळे भरून आले होते, तेव्हा त्या जरा वेळ चष्मा पुसत बसल्या.

तो दिवस आणि शुक्रवार, बाईंनी बाकीच्या अकरापैकी जे आले त्यांना एकेक करून त्या मशीनसमोर उभं केलं. एक आजोबा रागावले, म्हणाले इतके दिवस तर लागत नव्हतं. बाईंनी त्यांची माफी मागितली आणि कोड टाकायला लावला. शुक्रवारी दुपारी सिस्टर आली. तिचे चौदा दिवस संपून गेले होते. तिने न बघता चार आकडे दाबले आणि आत निघाली. बाई तिला म्हणाल्या, त्या दिवशी माझं चुकलं. सिस्टर थांबली, म्हणाली, नियमच आहे ना, आणि पुढे गेली. त्याहून जास्त काही झालं नाही. बाईंना वाटत होतं व्हावं.

सोमवारी बाई खाली परतीच्या खिडकीवर बसल्या. समोर पुस्तकांची चळत, शेजारी शिक्का. दहा वीसला वायरमन मोठ्या दारातून आत आला. त्याला बाई खिडकीत दिसल्या नाहीत. त्याने जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून पाकिटातून कार्ड काढलं, मागची चिठ्ठी वाचली, ओठांतल्या ओठांत आकडे म्हटले आणि वर गेला. बाई पुस्तक हातात धरून तशाच थांबल्या. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाने दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. मग वरून टुंग आलं. बाईंनी पेन्सिल उचलली आणि समोरच्या कोऱ्या कागदावर एक बरोबरची खूण केली.